मुलाखतीतला टीव्ही मागे सारताना

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायची सवय आता बऱ्याच कुटुंबांना लागली आहे. यातल्या कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये मागे टीव्ही चालू असतो. आजोबा त्यांच्या तरुणपणाबद्दल सांगत असतात आणि मागून बातम्यांमधली चर्चा नाहीतर मालिकेतलं भांडण ऐकू येत राहतं. मुलाखत चालू असताना ते कुणालाच खटकलेलं नसतं. नंतर फाइल ऐकायला बसलं की तोच टीव्ही दुप्पट मोठा वाटतो.

यामागचं कारण आपल्या कानांत आहे. समोरासमोर बसलेलो असताना दोन कानांवर पडणाऱ्या आवाजातल्या बारीक फरकावरून मेंदू दिशा ओळखतो आणि हव्या त्या माणसाच्या बोलण्याकडे लक्ष ठेवतो. गर्दीत एकाचंच बोलणं कसं ऐकू येतं, यावर कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने 1953 मध्ये केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. बहुतेक घरगुती रेकॉर्डिंग मात्र एकाच माइकवर होतं. त्यात दिशा उरत नाही आणि सगळे आवाज एकमेकांवर चढून एका रेषेत येतात. ते पुन्हा वेगळे करणं हे पंख्याची घरघर कमी करण्यापेक्षा फार वेगळं काम आहे. ते कसं करायचं आणि कुठे थांबायचं, हे एका रेकॉर्डिंगच्या आधारे सांगतो.

लालबागच्या एका चाळीतल्या खोलीत घेतलेली ही चाळीस मिनिटांची मुलाखत. बोलणारे आजोबा निवृत्त गिरणी कामगार, वय ऐंशीच्या पुढे. मुलाखत नातीने घेतली. विषय होता 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी संप. मोबाइल त्यांच्यापासून हातभर लांब टेबलावर ठेवलेला होता आणि पडद्याच्या पलीकडे आतल्या बाजूला बातम्यांचं चॅनल चालू होतं. नातीने आधी ती फाइल आवाज ‘स्वच्छ’ करून देणाऱ्या एका मोबाइल अ‍ॅपमधून काढली. टीव्ही बराच कमी झाला, पण एका ठिकाणी ती थबकली. संपानंतरच्या दिवसांबद्दल आजोबा म्हणाले होते, “मी कामावर परत गेलो नाही.” नव्या फाइलमध्ये ऐकू येत होतं, “मी कामावर परत गेलो.”

संपात टिकून राहिलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन वाक्यांमध्ये केवढं अंतर आहे, हे गिरणगावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

‘नाही’ कसा गेला

कॉम्प्युटरवर आवाजाची पातळी डेसिबलमध्ये दिसते. शून्य ही सर्वांत वरची मर्यादा, बाकी सगळे आकडे उणे. आकडा जितका खाली, आवाज तितका हळू. सहा डेसिबल खाली गेलं की आवाजाच्या लहरीची उंची निम्मी होते.

या फाइलमध्ये आजोबांचं नेहमीचं बोलणं उणे 20 च्या आसपास होतं. मध्ये ते गप्प असताना नुसता टीव्ही ऐकू येई, तो साधारण उणे 36 वर. चर्चेत दोघे एकदम ओरडू लागले किंवा जाहिरात आली की तो उणे 28 पर्यंत चढे. म्हणजे सरासरी पाहिली तर दोन्ही आवाजांमध्ये सोळा डेसिबलचं अंतर होतं, आणि ते पुरेसं आहे. पण वय झालेल्या माणसाचा श्वास वाक्याच्या शेवटी संपत येतो. आजोबांचे शेवटचे शब्द उणे 32 पर्यंत खाली जात होते.

आवाज स्वच्छ करण्याचा एक सोपा उपाय ‘नॉइज गेट’ म्हणून ओळखला जातो. ठरावीक पातळीच्या खालचं सगळं तो बंद करतो आणि वरचं जाऊ देतो. इथे टीव्ही पूर्ण अडवायचा तर गेट उणे 28 च्या वर ठेवायला हवा, आणि आजोबांचा शेवटचा शब्द जाऊ द्यायचा तर उणे 32 च्या खाली. या दोन्ही अटी पाळणारी पातळी असूच शकत नाही. त्या अ‍ॅपने आत नेमकं काय केलं ते बाहेरून दिसत नाही, पण वाक्याचं शेपूट ज्या रीतीने गेलं होतं, ती रीत गेटची होती.

मराठीत हा धोका जास्तच आहे, कारण आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार तर त्याच्याही नंतर. ‘दिले नाहीत’, ‘विसरलो नाही’, ‘कुणी आलं नाही’ या सगळ्यांमध्ये अर्थ फिरवणारा शब्द नेमका दम संपण्याच्या जागी बसलेला असतो. इथे शेवटच्या अर्ध्या सेकंदाबरोबर वाक्याचा अर्थ जातो.

पंख्याचा उपाय टीव्हीला का लागू होत नाही

दुसरा नेहमीचा उपाय म्हणजे नमुना देऊन आवाज वजा करणं. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये त्याला `Noise Reduction` म्हणतात. जिथे कुणी बोलत नाही असा तुकडा निवडायचा, प्रोग्राम त्यावरून नको असलेल्या आवाजाचा साचा बनवतो आणि पूर्ण फाइलमधून तो कमी करतो. पंखा, फ्रिज, विजेची गुणगुण यांना हे लागू पडतं, कारण पहिल्या मिनिटाला पंखा जसा वाजतो तसाच तो चाळिसाव्या मिनिटालाही वाजतो.

टीव्हीवरचा निवेदक क्षणाक्षणाला नवा स्वर आणि नवं व्यंजन उच्चारतो. त्याच्या बोलण्याचा सरासरी साचा काढला तर हाती येतो मानवी आवाजाचा साचा, आणि आजोबांचा आवाजही त्यातच बसतो. तांदळातले खडे निवडता येतात, पण तांदळात दुसऱ्या जातीचे तांदूळ मिसळले तर चाळणी काही करू शकत नाही. अशा साच्याने टीव्ही वजा केला की बोलणाऱ्याचे स, श, ख, थ यांच्यासारखे हवेचे हलके उच्चार आधी झिजतात, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि मागे किणकिण उरते. ही किणकिण ऐकू आली की उपाय जास्त झाला, असं समजून मागे यायचं.

म्हणून या रेकॉर्डिंगमध्ये हा उपाय फक्त पंख्यापुरता वापरला, तोही सहाच डेसिबल. नमुन्यासाठी आजोबा आणि टीव्ही दोन्ही गप्प असलेला अर्ध्या सेकंदाचा तुकडा शोधावा लागला. बातम्या आणि जाहिरात यांच्या मधल्या क्षणात तो मिळाला.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

फाइलला हात लावण्याआधी एक काम करावंच लागतं. मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला जपून ठेवायची आणि तिची प्रत घेऊन काम करायचं. मग हेडफोन लावून मूळ आवाजावरूनच बोलणं लिहून काढायचं. दोन मिसळलेल्या आवाजांमधून ओळखीच्या माणसाचे शब्द पकडण्यात कान फार तरबेज असतात, आणि प्रक्रिया झालेल्या फाइलमध्ये त्यांना लागणाऱ्या खुणा पुसल्या गेलेल्या असू शकतात. हे लिखाण आजोबांच्या नातीनेच केलं. साचा, बदली, जॉबर, भोंगा, पाळी हे शब्द तिच्या कानांवर लहानपणापासून पडलेले होते. परक्या माणसाने हेच काम केलं असतं तर ‘जॉबर’चं काय झालं असतं, सांगता येत नाही.

लिहितानाच वेळेसकट तीन प्रकारच्या खुणा करायच्या. पहिली, आजोबा गप्प आहेत आणि नुसता टीव्ही ऐकू येतोय. दुसरी, आजोबा बोलताहेत आणि टीव्ही मागे हळू आहे. तिसरी, टीव्ही त्यांच्या शब्दांवर चढला आहे. ऑडॅसिटीत तुकडा निवडून `Ctrl+B` दाबलं की तिथे खुणेची चिठ्ठी लागते. या फाइलमध्ये पहिल्या दोन प्रकारांच्या खुणा भरपूर निघाल्या, तिसऱ्या अगदी थोड्या. सहसा असंच असतं, आणि म्हणूनच पूर्ण फाइलवर एकच जालीम औषध ओतायची गरज नसते.

गप्प असतानाच्या जागा

टीव्हीतले शब्द सर्वांत जास्त खटकतात ते बोलणारा थांबलेला असताना. त्याचं बोलणं सुरू झालं की आपलं लक्ष त्याच्याकडे जातं आणि टीव्ही मागे पडतो. म्हणून सर्वांत मोठा फायदा या रिकाम्या जागांमध्ये मिळतो, आणि तिथे शब्द नसल्यामुळे धोकाही सर्वांत कमी असतो.

हे काम यंत्रावर न सोडता हाताने करायचं. ऑडॅसिटीत `Envelope Tool` घेऊन लहरीवर ठिपके लावत आवाजाची पातळी खालीवर करता येते. आजोबा थांबले की तिथे आवाज एक तृतीयांशावर आणायचा, म्हणजे साधारण दहा डेसिबल खाली. त्याहून जास्त नाही. पूर्ण शांतता केली तर पुढचा शब्द येताच टीव्ही दचकल्यासारखा परत उगवतो आणि आधीपेक्षा जास्त जाणवतो. थोडा टीव्ही, थोडी खोलीची हवा सलग राहिली की कान त्याकडे दुर्लक्ष करतात.

उतार कुठून कुठे द्यायचा, यात खरी मेहनत आहे. आवाज परत वर आणायचा तो शब्द सुरू होण्याच्या जरा आधी, सेकंदाचा विसावा भाग तरी आधी, कारण ‘हा’, ‘भोंगा’, ‘खातं’ यांतली सुरुवातीची हवा लहरीच्या चित्रात जेमतेम दिसते. खाली उतरवायचा तो शेवटचा शब्द पूर्ण विरल्यानंतर, सावकाश. “परत गेलो नाही” या वाक्यात चित्र पाहिलं तर ‘गेलो’नंतर आवाज संपल्यासारखा वाटतो. ऐकलं की ‘नाही’ स्पष्ट आहे. उतार तिथून पुढे, श्वास घेतल्याचा आवाज येऊन गेल्यावर दिला. श्वासही ठेवायचे असतात. ते काढले तर माणूस न थांबता धाप टाकत बोलल्यासारखा वाटतो.

वाक्याच्या शेवटी खाली गेलेले शब्द याच साधनाने थोडे वर उचलता येतात. ‘नाही’ तीन-चार डेसिबल वर घेतला. त्याबरोबर मागचा टीव्हीही तेवढाच वर आला, पण अर्थ पोचला.

शब्दांच्या मागचा टीव्ही

दुसऱ्या प्रकारच्या जागांमध्ये टीव्ही आणि शब्द एकत्र आहेत, म्हणून तिथे हात फार हलका लागतो. इथे खोलीची रचना मदतीला येते. पडदा, भिंत, अर्धवट लोटलेलं दार यांतून येताना आवाजातली वरची पट्टी जास्त अडते आणि खालची बरीचशी पार होते. म्हणून आतल्या खोलीतला टीव्ही शब्दांपेक्षा ‘बड-बड’ असा घुमलेला येतो. समोरच्या माणसाच्या बोलण्यात मात्र व्यंजनांचा कडकपणा शाबूत असतो, आणि शब्द ओळखायला लागतात त्या खुणा मुख्यतः 1000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात असतात.

त्यामुळे 80 हर्ट्झच्या खालचा भाग `High-Pass Filter` ने काढला, कारण तिथे आजोबांच्या आवाजातलं कामाचं काही नव्हतं. नंतर 200 ते 400 हर्ट्झच्या दरम्यान तीन डेसिबल कमी केले. आजोबांचा आवाज किंचित पातळ झाला, पण टीव्हीचं घुमणं त्याहून जास्त मागे गेलं आणि व्यंजनांना धक्का लागला नाही. तेच सहा डेसिबल करून पाहिलं तेव्हा आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा झाला, म्हणून तीनवरच थांबलो. टीव्ही त्याच खोलीत असता तर हा उपाय जवळजवळ निरुपयोगी ठरला असता, कारण तेव्हा त्याची व्यंजनंही तितकीच कडक आली असती.

तिसऱ्या प्रकारच्या जागांमध्ये आवाजाचा वर्णपट पाहावा लागतो. या चित्रात आडवी वेळ, उभी स्वराची उंची आणि रंगाने आवाजाचा जोर दिसतो. बातम्यांच्या सुरुवातीची ठसकेबाज धून एका ठिकाणी आजोबांच्या बोलण्यावर चढली होती. चित्रात तिचे लांब, सरळ आडवे पट्टे दिसत होते, आणि बोलण्याचे पट्टे सतत वर-खाली वळत असतात. तेवढे सरळ पट्टे निवडून कमी करता आले. जिथे निवेदिकेचे शब्द आजोबांच्या शब्दांवर तितक्याच जोराने पडले होते, तिथे मात्र दोघांचे पट्टे एकमेकांत गुंतलेले होते. अशा दोन जागा जशाच्या तशा सोडल्या.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो. टीव्हीवरचा तोच कार्यक्रम इंटरनेटवर सापडला तर तो उलटा करून रेकॉर्डिंगमधून वजा करता येणार नाही का? नुसता उलटा करून नाही. टीव्हीचा आवाज भिंतींवर आपटत, स्पीकरचा आणि माइकचा रंग घेऊन फाइलमध्ये आलेला असतो, त्यामुळे मूळ कार्यक्रमाशी त्याची लहर जुळत नाही. खोलीने केलेला हा बदल मोजत राहून वजाबाकी करणारी गाळणी असते आणि स्पीकरफोनमधला प्रतिध्वनी त्याच तत्त्वावर कमी होतो. पण मोबाइल आपोआप आवाज कमी-जास्त करत असेल, किंवा दोन्ही फाइलींचा वेग अगदी किंचित वेगळा असेल, तर तीही अडखळते. जुनी मालिका किंवा सिनेमा मागे चालू असेल आणि रेकॉर्डिंग फार मोलाचं असेल, तरच जाणकाराकडून हा प्रयत्न करून घ्यावा.

काय काढलं ते ऐका

काम झाल्यावर बहुतेक लोक उरलेला आवाज ऐकतात. त्याहून जास्त शिकवून जातं ते काढून टाकलेलं ऐकणं. ऑडॅसिटीत एका टप्प्याच्या आधीची आणि नंतरची फाइल एकाखाली एक ठेवायची, सुरुवात तंतोतंत जुळवायची, आणि नंतरच्या फाइलवर `Invert` लावायचा. दोन्ही एकदम वाजवल्या की जे सारखं आहे ते एकमेकांना खोडून टाकतं आणि फक्त काढलेला भाग ऐकू येतो. फाइलचा एकूण आवाज वाढवायचा असेल तर तो या तपासणीनंतर, नाहीतर वजाबाकी जुळणार नाही.

रिकाम्या जागांच्या टप्प्यात या उरलेल्या भागात फक्त टीव्ही ऐकू यायला हवा. तिथे आजोबांच्या शब्दाचं टोक ऐकू आलं तर उतार लवकर दिला गेला आहे. एका जागी ‘कामगार’मधला शेवटचा ‘र’ सापडला आणि ठिपका पुढे सरकवावा लागला. हेडफोनवर मूळ फाइल पुन्हा पुन्हा ऐकलेल्या कानाला ही चूक कळत नाही, कारण शब्द पाठ झालेला असतो.

त्याच कारणासाठी दुसरी तपासणी परक्या कानाची. ज्याने मूळ फाइल ऐकलेली नाही अशा मराठी माणसाला तयार फाइलमधली दोन-तीन मिनिटं लिहायला सांगायची आणि ते लिखाण आधीच्या कागदाशी ताडून पाहायचं. टीव्ही किती कमी झाला, हे त्याला विचारायचंच नाही. शब्द जुळले तर काम झालं. या फाइलमध्ये टीव्ही शेवटपर्यंत ऐकू येतो, पण त्याचे शब्द लागत नाहीत आणि आजोबांचा प्रत्येक नकार जागेवर आहे. त्या दोन सोडलेल्या जागांपुढे लिखाणात ‘अस्पष्ट’ असं लिहिलं आहे. त्यातल्या एका जागेबद्दल नातीने आजोबांनाच विचारून घेतलं आणि ते उत्तर वेगळ्या तारखेसह खाली नोंदवलं. अंदाजाने शब्द भरण्यापेक्षा ही नोंद कितीतरी खरी.

पुढच्या मुलाखतीसाठी

एवढ्या मेहनतीने मिळालं ते साधारण दहा डेसिबल, तेही रिकाम्या जागांमध्ये. माइक ऐंशी सेंटिमीटरवरून वीस सेंटिमीटरवर आणला असता तर बोलणाऱ्याचा आवाज टीव्हीच्या तुलनेत जवळजवळ बारा डेसिबलने वाढला असता, प्रत्येक शब्दाखाली, काहीही न गमावता. अंतर निम्मं झालं की साधारण सहा डेसिबल मिळतात, एवढं साधं गणित आहे. कॉलरला लावायचा साधा माइकही हेच काम करतो. बोलणाऱ्याला टीव्हीकडे पाठ करून बसवू नका, कारण मग त्याच्यासमोरच्या माइकचं तोंड टीव्हीकडे होतं. मोबाइलच्या रेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप स्वच्छ करण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा, आणि जमेल तिथे `WAV` मध्ये रेकॉर्ड करा.

आणि टीव्ही बंद करायला सांगायला संकोचू नका. “काकू, तासभर टीव्ही बंद ठेवला तर चालेल का? आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करतोय,” एवढं म्हटलं की चाळीतलं कुणी नाही म्हणत नाही. त्यानंतर अर्धा मिनिट नुसतं रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका आणि मगच पहिला प्रश्न विचारा. मागे कुणाचेही शब्द ओळखू येत असतील, तर मुलाखत अजून सुरू करू नका.